बारा ओलांडणारी पाळी: दिवसाच्या आणि रात्रीच्या दराचे तास वेगळे कसे काढायचे

संध्याकाळी कामावर चढायचं आणि पहाटे उतरायचं, अशी पाळी नव्याने लागली की पहिल्या पगारस्लिपवर दोन ओळी दिसतात. एक साध्या तासांची, दुसरी रात्रीच्या तासांची. दोन्हींची बेरीज साधारण बरोबर वाटते, पण हे आकडे कुठून आले ते कळत नाही. विचारायला गेलं तर "सिस्टीममधून येतं" एवढंच उत्तर मिळतं. मी आधी अशा पाळ्या केल्या आणि पुढे हजेरी-पगाराच्या टेबलावर बसलो, त्यामुळे हा हिशोब दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. कागद, पेन आणि थोडी शिस्त असली की तो कुणालाही जमतो.

इथे एकाच कामगाराची एकच पाळी घेऊन ती शेवटपर्यंत सोडवू. तो १९:४० ला आत आला आणि दुसऱ्या दिवशी ०४:२५ ला बाहेर पडला. मधली सुट्टी २१:४५ ते २२:१५, बिनपगारी. रात्रीचा दर २२:०० ते ०६:०० या वेळेला लागतो. दिवसाचा दर ताशी १२०, रात्रीचा ताशी १५०. चलन कोणतंही धरा. हे आकडे अशासाठी निवडले की मिनिटाला अनुक्रमे २ आणि २.५ पडतात आणि हिशोब डोळ्यांसमोर राहतो.

हाताशी काय हवं

- त्या महिन्याच्या पंचिंगच्या नोंदी, तारीख आणि वेळेसकट. पगारस्लिपवरचे तास चालणार नाहीत, कच्च्या नोंदी हव्यात.
- पाळीचं वेळापत्रक, म्हणजे तुमची पाळी कागदोपत्री किती ते किती होती ते.
- नेमणूकपत्र, करार किंवा कामाच्या ठिकाणची नियमावली. यातलं रात्रीच्या दराचं, मधल्या सुट्टीचं आणि ओव्हरटाइमचं कलम.
- त्याच महिन्याची पगारस्लिप.
- वही, किंवा मोबाइलवर स्प्रेडशीट.

पंचिंगच्या नोंदी मागितल्या की काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडतात. तरी मागा. त्यांच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजावर जातं.

१. आधी नियम वाचा, मग घड्याळ

"रात्रपाळीला जादा मिळतं" हे ऐकीव झालं. कलमात चार गोष्टी शोधायच्या: रात्र किती ते किती, जादा दर तासांवर की पाळीवर, मधली सुट्टी पगारी की बिनपगारी, आणि ओव्हरटाइम कधीपासून.

रात्रीच्या वेळा सगळीकडे सारख्या नसतात. जपानच्या कामगार कायद्यात रात्री १० ते पहाटे ५ या वेळेच्या कामाला किमान २५ टक्के जादा द्यावे लागतात. फिलिपिन्समध्ये रात्री १० ते सकाळी ६ या तासांसाठी किमान १० टक्के. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९० च्या रात्रकाम करारात रात्रकामाची व्याख्या अशी आहे: किमान सात सलग तासांचा काळ, आणि त्यात मध्यरात्र ते पहाटे ५ हा भाग आलाच पाहिजे. म्हणजे शेजारच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्राचा नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही. तुमच्या कागदावर काय छापलंय तेच धरा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि बरेच वाद इथेच होतात. जादा दर देण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत रात्रीच्या वेळेत पडलेले तेवढेच तास वरच्या दराने मोजले जातात. दुसऱ्या रीतीत पाळीचे बहुसंख्य तास रात्रीत पडले तर अख्खी पाळी वरच्या दराने जाते. अमेरिकेच्या केंद्र सरकारात या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. तिथल्या कार्यालयीन श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना संध्याकाळी ६ ते सकाळी ६ मध्ये पडलेल्या तासांवर १० टक्के जादा मिळतात. ताशी वेतनावरच्या कारागीर-कामगार श्रेणीत मात्र पाळीचे बहुसंख्य तास कुठे पडतात ते पाहून पूर्ण पाळीला टक्केवारी लावतात.

तुमच्याकडे दुसरी रीत असेल तर हिशोब सोपा आहे: रात्रीची मिनिटं निम्म्याहून जास्त आहेत का, एवढंच पाहायचं. पण तेवढ्यासाठीही रात्रीची मिनिटं मोजावी लागतातच, म्हणून पुढच्या पायऱ्या वाचाच. पहिल्या रीतीत मिनिट न् मिनिट मोजावं लागतं, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

२. पंचच्या जोड्या लावा

एक आत, एक बाहेर, अशी प्रत्येक पाळीची जोडी लावायची. दिवसपाळीत हे आपोआप होतं, कारण दोन्ही नोंदी एकाच तारखेला असतात. रात्रपाळीत आत सोमवारी आणि बाहेर मंगळवारी. हजेरीच्या यंत्रात दिवस बदलण्याची वेळ रात्री बाराच ठेवलेली असेल तर ते प्रत्येक तारखेला पहिली नोंद "आत" आणि शेवटची नोंद "बाहेर" धरतं. मंगळवारी आपला कामगार ०४:२५ ला बाहेर पडला आणि संध्याकाळी १९:४० ला पुन्हा आत आला. यंत्राच्या लेखी तो ०४:२५ ला आला आणि १९:४० ला गेला: १५ तास १५ मिनिटं, तीही बहुतेक दिवसाची!

हा घोटाळा ओळखायला सोपा आहे. हजेरीच्या तक्त्यात रात्रपाळीच्या दिवसांवर पंधरा-सोळा तास दिसले, किंवा पहिल्या रात्रीला "बाहेर पंच नाही" असा शेरा दिसला, तर जोड्या उलट्या लागल्या आहेत. ते दिवस तुमच्या वहीत हाताने नीट लावून घ्या. दुरुस्ती करणाऱ्यांना यंत्रातली दिवस बदलण्याची वेळ पुढे सरकवावी लागते. दुपारची बाराची वेळ बहुतेक ठिकाणी चालते, कारण रात्रपाळीचा माणूस तोपर्यंत घरी पोचलेला असतो.

जोडी लावताना पाळीला सुरुवातीच्या तारखेचं नाव द्या. सोमवारी संध्याकाळी सुरू झाली ती सोमवारची पाळी, मग ती संपली कधीही.

वेळ चोवीस तासांच्या पद्धतीनेच लिहा. मस्टरवर नुसतं "१२:१०" लिहिलं की दहा दिवसांनी ते रात्रीचं की दुपारचं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. रात्री बारा वाजून दहा मिनिटं म्हणजे ००:१०.

३. बाराच्या पुढच्या वेळेत २४ तास मिळवा

०४:२५ मधून १९:४० वजा करायला गेलात तर उत्तर उणे येतं. मग लोक पाळी बाराला तोडतात: १९:४० ते २४:०० एक तुकडा, ००:०० ते ०४:२५ दुसरा. एकूण तास काढायला हे चालतं. पण दोन तुकडे समोर दिसले की पहिल्याला दिवसाचा आणि दुसऱ्याला रात्रीचा दर लावायचा मोह होतो. ते चूक आहे. बाराला तारीख बदलते. दर मात्र कलमात लिहिलेल्या वेळेला बदलतो, आणि आपल्या उदाहरणात ती वेळ २२:०० आहे.

म्हणून पाळी तोडूच नका. एक लांब पट्टी डोळ्यांसमोर आणा, जी बाराला थांबत नाही. २४ नंतर २५, २६, २७ अशी पुढे चालत राहते. पहाटेचे ०४:२५ या पट्टीवर २८:२५ होतात. रात्रीचा दर संपतो ते ०६:०० होतात ३०:००. आता सगळ्या वेळांची मिनिटं करा, म्हणजे तास गुणिले ६० अधिक वरची मिनिटं:

- आत: १९:४० → ११८०
- बाहेर: २८:२५ → १७०५
- रात्रीचा दर सुरू: २२:०० → १३२०
- रात्रीचा दर समाप्त: ३०:०० → १८००

पाळीची एकूण मिनिटं १७०५ − ११८० = ५२५, म्हणजे ८ तास ४५ मिनिटं.

मिनिटांतच का? कारण ८ तास ४५ मिनिटं म्हणजे ८.४५ तास नव्हेत, ८.७५ तास आहेत. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कॅल्क्युलेटरवर बोटं ८.४५ च दाबतात. शेवटपर्यंत मिनिटांत राहिलात तर हा प्रश्नच येत नाही.

४. रात्रीचा भाग कापून घ्या

आता पट्टीवर दोन पट्टे आहेत. एक पाळीचा, ११८० ते १७०५. दुसरा रात्रीच्या दराचा, १३२० ते १८००. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढाच रात्रीचा भाग. तो काढायची रीत अशी: दोन सुरुवातींपैकी उशिराची घ्या, दोन शेवटांपैकी आधीचा घ्या, आणि वजाबाकी करा. उत्तर उणे आलं तर शून्य धरा, म्हणजे दोन्ही पट्टे भेटतच नाहीत.

उशिराची सुरुवात १३२०. आधीचा शेवट १७०५. फरक ३८५ मिनिटं. हा रात्रीचा भाग. उरलेली ५२५ − ३८५ = १४० मिनिटं दिवसाच्या दराची. १९:४० ते २२:०० म्हणजे दोन तास वीस मिनिटं, म्हणजे १४०च. जुळलं.

एक बारीक खाच आहे. कुणाची पाळी पहाटे ०४:०० ला सुरू होऊन दुपारी १२:०० ला संपत असेल तर तिच्यातही दोन तास रात्रीचे आहेत, ०४:०० ते ०६:००. पण वरच्या पट्टीवर तुम्ही रात्र १३२० ते १८०० एवढीच आखली असेल तर ही पाळी, २४० ते ७२०, तिला कुठेच भेटत नाही आणि उत्तर शून्य येतं. कारण ते दोन तास आदल्या रात्रीच्या शेपटातले आहेत. म्हणून पट्टीवर रात्र दोनदा आखायची: ० ते ३६०, आणि १३२० ते १८००. दोन्हींशी भेट तपासा आणि बेरीज करा. पहाटेच्या पाळीवाल्यांची रात्रीची मिनिटं गळतात ती बहुतेक याच जागी, आणि पाळी "सकाळची" म्हणून नोंदलेली असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

५. मधली सुट्टी कुठल्या दरातून वजा करायची

मधली सुट्टी पगारी असेल तर ही पायरी सोडा. बिनपगारी असेल तर थांबा, कारण इथे रोजचे थोडे थोडे पैसे इकडचे तिकडे होतात.

साधं तत्त्व असं: सुट्टी ज्या वेळेत घेतली, त्या वेळेच्या दरातून ती वजा होते. आपल्या कामगाराची सुट्टी २१:४५ ते २२:१५, म्हणजे १३०५ ते १३३५. मुद्दामच सीमेवरची घेतली आहे. यातली १५ मिनिटं २२:०० च्या अलीकडे, १५ पलीकडे. म्हणून:

- दिवसाची मिनिटं: १४० − १५ = १२५
- रात्रीची मिनिटं: ३८५ − १५ = ३७०
- पगारी एकूण: ४९५, म्हणजे ८ तास १५ मिनिटं

पगार करणाऱ्या बऱ्याच व्यवस्था सुट्टीची वेळ बघतच नाहीत. तीस मिनिटं कुठून तरी वजा करून मोकळ्या होतात. सगळी तीस रात्रीच्या भागातून गेली तर कामगाराचं दर पाळीला ७.५० चं नुकसान, सगळी दिवसाच्या भागातून गेली तर तेवढाच फायदा. एका पाळीला ही रक्कम चिल्लर वाटते. महिन्यात अशा २४ पाळ्या भरल्या तर ती १८० होते, आणि हा प्रकार वर्षानुवर्षं एकाच दिशेने चालू राहतो.

सुट्टीचं पंचिंग होत नसेल तर वेळापत्रकात छापलेली वेळ धरतात. आणि सुट्टी प्रत्यक्षात मिळालीच नाही, यंत्राजवळच उभ्या उभ्या डबा खाल्ला, तर? मग ती बिनपगारी म्हणून कापायची की नाही हा कलमाचा प्रश्न आहे, पण तुम्ही त्या दिवशीच नोंद करून ठेवली नसेल तर महिनाअखेर तो प्रश्न उभाच करता येत नाही. तारीख, वेळ आणि सुपरवायझरला सांगितलं होतं का, एवढं वहीत लिहा.

६. दर लावा, दोनदा

पहिली रीत, दोन भाग वेगवेगळ्या दराने:

- दिवस: १२५ मिनिटं × २ = २५०
- रात्र: ३७० मिनिटं × २.५ = ९२५
- एकूण ११७५

दुसरी रीत, आधी सगळ्याला साधा दर, मग रात्रीच्या भागावर फक्त वाढ. वाढ ताशी ३०, म्हणजे मिनिटाला अर्धा:

- सगळी मिनिटं: ४९५ × २ = ९९०
- रात्रीची वाढ: ३७० × ०.५ = १८५
- एकूण ११७५

दोन्ही उत्तरं सारखी यायलाच हवीत. आली नाहीत तर मिनिटांच्या विभागणीत गडबड आहे. हा ताळा दर वेळी करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पगारस्लिप यातल्या कुठल्या रीतीने छापली आहे हेही आताच ओळखा. "साधे तास ८.२५, रात्रीचे तास ६.१७" असं दिसलं तर ती दुसरी रीत. ८.२५ मध्ये रात्रीचे तास आधीच आलेले आहेत आणि ६.१७ वर नुसती वाढ दिलेली आहे. नवखा माणूस दोन्हींची बेरीज करून "मी चौदा तास काम केलं का?" असं विचारतो, किंवा रात्रीच्या ओळीवर १५० ऐवजी ३० चा दर बघून आपल्याला फसवलं असं समजतो. त्या जागी ३० च बरोबर आहे. खरी फसगत तेव्हा होते जेव्हा साधे तास विभागून छापले आहेत, २.०८ आणि ६.१७ असे, आणि तरीही रात्रीच्या ओळीवर दर ३० आहे. मग रात्रीच्या तासांचे मूळ १२० कुठेच मिळालेले नाहीत.

आता बाराला तोडून दर लावणाऱ्यांचा हिशोब बघू. २२:०० ते २४:०० मधली सुट्टी सोडून उरलेली १०५ मिनिटं त्यांनी दिवसात ढकललेली असतात. त्यामुळे दिवस २३० मिनिटं, ४६०. रात्र २६५ मिनिटं, ६६२.५०, एकूण ११२२.५०. एका पाळीत ५२.५० कमी. तुमच्या स्लिपवरची रात्रीची मिनिटं नेमकी "मध्यरात्र ते बाहेर पडण्याची वेळ" एवढीच भरत असतील तर काय झालंय ते ओळखायला दुसरा पुरावा लागत नाही.

राउंडिंगचाही इथेच उल्लेख करतो. वेळ पंधरा मिनिटांत पूर्ण करायची पद्धत असेल तर ती पंचच्या वेळेला किंवा एकूण वेळेला, एकदाच लावायची. दोन्ही भाग वेगवेगळे पूर्ण केले की बेरीज बिघडते. २ तास ८ मिनिटं आणि ६ तास ३८ मिनिटं वेगवेगळी पूर्ण केली तर २:१५ आणि ६:४५, म्हणजे ९ तास. एकत्र ८:४६ पूर्ण केली तर ८:४५.

७. ओव्हरटाइम शेवटच्या मिनिटांवर बसतो

समजा रोजच्या आठ पगारी तासांनंतर ओव्हरटाइम आहे, दीडपट. आपल्या कामगाराची ४९५ मिनिटं भरली, म्हणजे १५ मिनिटं ओव्हरटाइम. कुठली १५? काम ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने मोजत गेलात तर पहिली ४८० नेहमीची आणि शेवटची १५ जादा, म्हणजे ०४:१० ते ०४:२५. ती रात्रीच्या दरात आहेत.

आता दीडपट कशाची, यावर कलम काय म्हणतं ते बघा. मूळ दराचीच दीडपट आणि वर रात्रीची साधी वाढ असेल तर १५ × २ × १.५ = ४५, अधिक १५ × ०.५ = ७.५०, मिळून ५२.५०. रात्रीच्या दराची दीडपट असेल तर १५ × २.५ × १.५ = ५६.२५. अमेरिकेच्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमध्ये ओव्हरटाइमचा आधार धरायचा तो "नियमित दर" काढताना रात्रीची वाढ मिळवावीच लागते, मात्र तिथे हिशोब आठवड्याच्या ४० तासांवर चालतो. तुमच्याकडे कलम याबाबत गप्प असेल तर लेखी विचारा. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं.

ही पंधरा मिनिटं आधी ११७५ मध्ये साध्या रात्रीच्या दराने, ३७.५० धरून, मोजलेली आहेत. ती काढून नवी घाला: पहिल्या पद्धतीने पाळीचे ११९०, दुसऱ्या पद्धतीने ११९३.७५. काढायला विसरलात तर तीच मिनिटं दोनदा मोजली जातात, आणि टेबलापलीकडचा माणूस सगळ्यात आधी हीच चूक दाखवून तुमचा बाकीचा बरोबर हिशोबही बाजूला सारतो.

८. बारा वाजतात ते कधी मोजायचे

बारा नेहमीच बिनमहत्त्वाचे नसतात. तारखेला काही चिकटलेलं असेल तर ते मध्ये येतात.

दुसरा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल आणि त्या दिवशीच्या कामाला वेगळा दर असेल, तर दोन पद्धती दिसतात. एकीत अख्खी पाळी सुरुवातीच्या तारखेची मानतात. मग आपल्या पाळीला सुट्टीचा दर अजिबात लागत नाही. दुसरीत घड्याळाची तारीख मानतात. तसं असेल तर पट्टीवर १४४० ला आणखी एक खूण करा. रात्रीची ३७० मिनिटं आता दोन भागांत पडतात: बाराच्या आधीची १०५ आणि नंतरची २६५. दिवसाची १२५ आहे तशीच. तीन तुकडे झाले, बेरीज पुन्हा ४९५. तुकडे कितीही पाडा, ही बेरीज बदलता कामा नये.

भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५७ मध्ये मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीसाठी अशी रीत घालून दिली होती: बारानंतरचे तास आदल्या दिवसाचे मोजायचे, आणि पुढचा "दिवस" म्हणजे पाळी संपल्यापासूनचे चोवीस तास. ती सुरुवातीच्या तारखेच्या बाजूची आहे. यंत्र मात्र कधी कधी घड्याळाच्याच तारखेने चालतं, आणि मग कागदावरचा नियम एक, हिशोब दुसरा असं होतं.

महिनाअखेरही तपासा. शेवटच्या तारखेला संध्याकाळी चढलेली पाळी कुठे पुढच्या महिन्यात पडते, कुठे बाराला तुटून अर्धी-अर्धी येते. रात्रीचे काही तास गायब दिसले तर पुढची स्लिप येईपर्यंत त्या तासांवर फक्त खूण करून ठेवा.

ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करतात, तिथे वर्षातून दोन रात्री वजाबाकी एका तासाने चुकते. त्या दोन रात्री हातानेच मोजा.

९. स्प्रेडशीटमध्ये बसवा

महिनाभराच्या पाळ्या हाताने करायचा कंटाळा येणारच. `A2` मध्ये आत येण्याची वेळ, `B2` मध्ये बाहेर पडण्याची. मग:

```
C2: =A2+MOD(B2-A2,1)
D2: =ROUND((C2-A2)*1440,0)
E2: =ROUND((MAX(0,MIN(C2,6/24)-A2)+MAX(0,MIN(C2,30/24)-MAX(A2,22/24)))*1440,0)
F2: =D2-E2
```

`C2` म्हणजे बाहेर पडण्याची वेळ आपल्या लांब पट्टीवर. `D2` एकूण मिनिटं, `E2` रात्रीची, `F2` दिवसाची. `E2` मधले दोन `MAX(0,...)` म्हणजे दोनदा आखलेली रात्र. तुमच्या कलमातल्या वेळा वेगळ्या असतील तर `6/24`, `22/24` आणि `30/24` बदला. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा २४ ने जास्त असतो. सोळा तासांपर्यंतच्या कुठल्याही पाळीला हे चालतं. मधली सुट्टी यात धरलेली नाही. तिच्यासाठी आणखी एक ओळ घ्या, सुट्टीच्या सुरुवात-शेवटाच्या वेळा `A` आणि `B` मध्ये घालून तीच सूत्रं ओढा, आणि आलेली मिनिटं वरच्यातून वजा करा. सुट्टी बारानंतर असली तरी काही बदलावं लागत नाही.

वापरण्याआधी दोन पाळ्या घालून बघा. १९:४० ते ०४:२५ ला ५२५, ३८५, १४० आलं पाहिजे. ०४:०० ते १२:०० ला ४८०, १२०, ३६०. दुसरी पाळी चुकली तर `E2` मधला पहिला भाग सुटलाय.

साध्या वजाबाकीचं `=B2-A2` लिहिलं तर एक्सेलमध्ये वेळेच्या कप्प्यात `#####` दिसतं. कप्पा रुंद करून ते जात नाही, कारण उत्तर उणे असतं. आणि महिन्याची बेरीज वेळेच्या रूपात ठेवलीत तर कप्प्याचं फॉरमॅट `[h]:mm` ठेवा. नुसत्या `h:mm` मध्ये १९८ तासांची बेरीज ६:०० अशी दिसते, कारण प्रत्येक चोवीस तासांनंतर ती शून्यापासून सुरू होते.

१०. तफावत दिसली तर

सगळा महिना घेऊन भांडायला जाऊ नका. एकच पाळी निवडा, जिच्यात पंच स्वच्छ आहेत, ओव्हरटाइम नाही आणि सुट्टीचा दिवस नाही. तिचा हिशोब अर्ध्या पानावर लिहा: आत, बाहेर, मधली सुट्टी, दिवसाची मिनिटं, रात्रीची मिनिटं, दोन्ही रीतींनी आलेली रक्कम. खाली कलमाचा क्रमांक. मग "माझे पैसे कमी आलेत" असं न म्हणता "या पाळीत रात्रीची ३७० मिनिटं येतात, तुमच्याकडे २६५ आहेत, मधली १०५ कुठे गेली?" असं विचारा. या प्रश्नाला "सिस्टीममधून येतं" हे उत्तर पुरत नाही. समोरच्याला स्क्रीन उघडून बघावंच लागतं. २६५ हा आकडा त्यालाही बारा वाजण्याकडे घेऊन जातो.

एका पाळीची दुरुस्ती मान्य झाली की तीच सेटिंग किती महिन्यांपासून आहे ते विचारा आणि मागची थकबाकी लेखी मागा. मागे किती काळापर्यंत मागता येते याला बहुतेक कायद्यांत मुदत असते, म्हणून अर्जावर पोच घ्यायची आणि तारीख टाकून घ्यायची.